ठेव मोडून 10 वर्षांच्या हप्त्याची पॉलिसी: 71 वर्षांच्या आजींच्या कागदांत काय शोधायचं?

नंदिनी_वा

सांगली जिल्ह्यातल्या एका आजींचे कागद माझ्यापुढे आहेत. वय 71, शिक्षण चौथी, पतीच्या मागे मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन महिना 11,000. मराठीत सही करतात, इंग्रजी वाचता येत नाही. डिसेंबर 2024 मध्ये त्यांची 6 लाखांची मुदत ठेव पिकली. ती पुढे चालू करायला बँकेत गेल्या, तर तिथेच टेबल मांडून बसलेल्या विम्याच्या माणसाने सांगितलं, "ठेवीपेक्षा जास्त मिळेल, एकदाच भरायचे, पाच वर्षांनी काढा."

कागदावर आहे ते असं. वार्षिक हप्ता 1,50,000, तो भरायचा 10 वर्षं. पॉलिसीची मुदत 20 वर्षं, म्हणजे पैसे हातात येतील तेव्हा आजी 91 वर्षांच्या असतील. आणि विमा त्यांच्या आयुष्यावर नाहीच. पुण्यात नोकरी करणाऱ्या 44 वर्षांच्या मुलाच्या आयुष्यावर आहे, आजी फक्त पैसे भरणाऱ्या प्रस्तावक. पहिल्या वर्षी जीएसटी धरून 1,56,750 गेले. उरलेली रक्कम वर्षभराच्या ठेवीत टाकली, आणि ती ठेव पिकायची तारीख दुसऱ्या हप्त्याच्या आठच दिवस आधीची ठेवली. डिसेंबर 2025 मध्ये ठेव खात्यात आली आणि दुसरा हप्ता परस्पर वळता झाला. तेव्हा मुलाला कळलं.

आजींचं वर्षाचं उत्पन्न 1,32,000 आणि वर्षाचा हप्ता दीड लाख. प्रपोजल फॉर्मवर मात्र उत्पन्न 6,00,000 आणि व्यवसाय 'शेती' असं लिहिलं आहे. त्यांच्या नावावर एक गुंठाही नाही.

विकणारा म्हणतो, सही आहे, पडताळणीच्या फोनवर त्या हो म्हणाल्या आहेत, विषय संपला. माझं मत असं की याला 'महागडी योजना विकली' म्हणून सोडता येणार नाही. हे गैरवर्तन आहे आणि त्याचा पुरावा याच कागदांत आहे. जाणकारांनी सांगावं: आणखी कुठे पाहायचं, आणि तक्रार कोणत्या क्रमाने करायची?

---

रविकिरण

सही केली की कबूल केलं, कायदा असाच आहे. न पटल्यास 15 दिवसांत परत करायची सोय असते, ती वापरायला हवी होती. आता वर्ष उलटलं. सरेंडर करून मिळतील तेवढे घ्या.

---

म_जोगळेकर

रविकिरण, दोन गोष्टी दुरुस्त करतो. हा फ्री लूकचा काळ 2024 च्या नियमांपासून सरसकट 30 दिवसांचा आहे. आणि तो सहीच्या दिवसापासून किंवा पॉलिसी निघाल्याच्या दिवसापासून मोजत नाहीत. पॉलिसीचा कागद ग्राहकाला मिळाल्या दिवसापासून मोजतात.

त्यामुळे नंदिनीताई, पहिला प्रश्न हा: कागद मिळाला कधी, आणि कुणाला? कंपनीच्या तक्रार विभागात अनेक वर्षं असल्या फायली पाहिल्यात, म्हणून सांगतो. प्रपोजल फॉर्मवरचा ईमेल पत्ता आणि मोबाइल नंबर आधी वाचा. चौथी शिकलेल्या बाईंच्या नावाने ईमेल लिहिलेला असेल, तर तो कुणाचा हे विचारायलाच हवं. विकणारा स्वतःचा किंवा शाखेतल्या कुणाचा तरी पत्ता टाकतो. ई-पॉलिसी त्या पत्त्यावर पोचते, कंपनीच्या संगणकात 'पोचली' अशी नोंद होते, आणि तीस दिवस कुणाच्याही नकळत सरतात. छापील प्रत मागवली असेल तर कुरिअरची पोच मागा. त्यावर सही कुणाची आहे, तेही पाहा.

कंपनीकडे लेखी मागायचे कागद असे: भरलेल्या प्रपोजल फॉर्मची पूर्ण प्रत, सही केलेला लाभाचा तक्ता, गरज तपासल्याची नोंद, पडताळणीच्या फोनचं ध्वनिमुद्रण, आणि पॉलिसी पोचवल्याचा पुरावा. 'ध्वनिमुद्रण ऐकून झालं, ग्राहकाने होकार दिला आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नका, मुद्रणच मागा. फोन कोणत्या नंबरवर गेला, कोणत्या भाषेत झाला आणि 'दरवर्षी दीड लाख, दहा वर्षं' हे शब्द त्यात उच्चारले गेले का, हे ऐकल्याशिवाय कळत नाही.

आणि सरेंडरच्या फॉर्मवर आजींची सही कृपा करून घेऊ नका. सरेंडर म्हणजे 'करार योग्य होता, मला तो मध्येच सोडायचा आहे' असं स्वतःच्या हाताने लिहून देणं. शाखेत तक्रार घेऊन गेलेल्या माणसापुढे तोच फॉर्म सरकवतात. एकदा तो भरला की फसवून विकल्याची तक्रार उभी राहणं फार कठीण होतं.

---

शिल्पा दे

माझ्या वडिलांचा मेडिक्लेम पण असाच निघाला. मधुमेह आहे हे एजंटला सांगितलं होतं, त्याने फॉर्मवर लिहिलंच नाही. आता क्लेम नाकारलाय. त्यांनाही 30 दिवसांचा नियम लागू होतो का?

---

म_जोगळेकर

शिल्पाताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. तिथे पॉलिसी योग्य होती, माहिती दडवली गेली. फ्री लूकचा तिथे उपयोग नाही, क्लेम नाकारल्याच्या पत्राविरुद्ध भांडावं लागेल. नाकारल्याची तारीख जपून ठेवा, पुढची मुदत त्यावरून मोजतात. कृपया वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो. एक प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखा आहे: फॉर्म कुणाच्या हस्ताक्षरात किंवा कुणाच्या टॅबवर भरला गेला?

---

शेखर_बी

मी या धंद्यात होतो, आता नाही. टार्गेटचं गणित मांडतो, कारण ते कळल्याशिवाय 'एकदाच भरायचे' सांगून दहा वर्षांचा हप्ता का गळ्यात मारतात ते कळणार नाही.

कंपनीत धंदा मोजताना वार्षिक हप्त्याची पॉलिसी शंभर टक्के धरतात आणि एकरकमी पॉलिसी फक्त दहा टक्के. आजींचे 6 लाख खरोखर एकरकमी योजनेत गेले असते, तर त्या माणसाच्या टार्गेटमध्ये 60,000 लागले असते. दीड लाखाच्या वार्षिक हप्त्याने पुरे दीड लाख लागले. म्हणजे ग्राहकाकडून चौथा हिस्सा पैसा घेऊन अडीच पट धंदा. वर शाखेला दाखवायला उरलेली ठेवही शिल्लक राहिली, म्हणून व्यवस्थापकही गप्प.

कमिशनचंही तसंच. 2023 पर्यंतच्या नियमांत एकरकमी पॉलिसीवर फार तर 2 टक्के मिळत. वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षाची मर्यादा हप्त्यांच्या वर्षांबरोबर वाढत जायची: पाच वर्षांना 15 टक्के, दहा वर्षांना 30, बारा आणि त्यापुढे 35. त्यानंतर योजनावार मर्यादा निघाली आणि कंपनीच्या एकूण खर्चावर मर्यादा आली. पण पहिल्या वर्षात जास्त देण्याची रीत गेलेली नाही. 71 वर्षांच्या बाईला पाच वर्षांऐवजी दहा वर्षांचे हप्ते का दिले, याचं उत्तर या चढत्या आकड्यांत आहे.

तिसरी गोष्ट नंदिनीताईंनी अचूक पकडली आहे, ठेवीची तारीख. विकणाऱ्याला फक्त पहिला हप्ता पुरत नाही. तेराव्या महिन्यात पॉलिसी जिवंत आहे का, यावरही त्याची मोजणी होते. म्हणून उरलेला पैसा अशा ठेवीत ठेवतात की दुसरा हप्ता आपोआप निघावा. तो निघाला की त्याचं काम झालं. तिसऱ्या-चौथ्या हप्त्याला पैसे संपतील हे त्यालाही माहीत असतं, पण तोवर त्याची बदली झालेली असते.

---

स्वानंद_ठाणे

सगळा दोष एजंटचा कसा? सहा लाख गुंतवताना मुलाला एक फोन करता येत नाही? आणि जास्त व्याजाचा मोह कुणाला होता? एजंटलाही पोट आहे. त्याला वरून टार्गेट येतं, ते नाही झालं तर नोकरी जाते. दोष व्यवस्थेचा आहे.

---

नंदिनी_वा

स्वानंद, आजींनी मोह धरला असं कागद सांगत नाहीत. त्या ठेव पुढे चालू करायला गेल्या होत्या, ज्या बँकेत तीस वर्षं पैसे ठेवले तिथेच. टेबलापलीकडचा माणूस बँकेचा नाही, विमा कंपनीचा आहे, हे त्यांना आजही नीट माहीत नाही.

टार्गेट वरून आलं हे मान्य. पण 'उत्पन्न 6,00,000, व्यवसाय शेती' हे वरून आलं नाही. ते त्या टेबलावर बसून लिहिलं गेलं. खरं उत्पन्न टाकलं असतं तर दीड लाखाचा हप्ता तपासणीत अडला असता, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. मला तिथे रेघ दिसते. महाग योजनेची भलामण करणं एक, आणि ती बसावी म्हणून माणसाचं उत्पन्न बदलणं दुसरं.

---

शेखर_बी

+१. एजंटांच्या आचारसंहितेत स्पष्ट आहे की प्रस्तावात चुकीची माहिती द्यायला ग्राहकाला प्रवृत्त करायचं नाही. इथे तर ग्राहकाला न विचारता लिहिलं. स्वानंद, दबाव मी जवळून पाहिलाय. पण त्याच दबावाखाली काम करणारे बरेच जण म्हाताऱ्या माणसाला 'तुमच्यासाठी आमच्याकडे काही नाही, पोस्टात जा' असं सांगतात.

---

अ‍ॅड_मेघना

व्यवस्थेचा दोष असेल तर व्यवस्थेलाच धरायची सोय कायद्यात आहे. विमा अधिनियम 1938 च्या कलम 42 मध्ये 2015 साली बदल झाले. त्यानुसार एजंटच्या कृतीला आणि आचारसंहितेच्या भंगाला कंपनी जबाबदार आहे, आणि कंपनीला एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे 'तो एजंट आता आमच्याकडे नाही' हे कंपनीचं उत्तर पुरेसं नाही. तक्रार एजंटविरुद्ध लिहू नका. कंपनीविरुद्ध लिहा आणि एजंटचं वर्तन हे कारण म्हणून द्या.

बँकेत विक्री झाली असेल तर आणखी एक जागा तपासा. फॉर्मवर विकणाऱ्याचं नाव आणि सांकेतिक क्रमांक असतो. बँकेच्या वतीने विमा विकायला प्रमाणपत्र असलेलाच कर्मचारी लागतो. पुष्कळदा बोलणारा माणूस विमा कंपनीचा असतो आणि क्रमांक बँकेच्या कारकुनाचा पडतो, ज्याने ग्राहकाचं तोंडही पाहिलेलं नसतं. आजींना विचारा, टेबलावर कोण होतं? मग नाव जुळतं का ते पाहा.

---

दत्ता मास्तर

आमच्याकडे परभणीकडं याच्या पुढची गत आहे. पीककर्ज मंजूर करताना 'एक पॉलिसी घ्यावी लागते' म्हणतात, अन् कर्जाच्या रकमेतूनच हप्ता कापतात. शेतकऱ्याला वाटतं तो पीकविमा आहे. अंगठा घेतात. पुढल्या वर्षी हप्ता भरत नाही, पॉलिसी बंद पडते, पैसे गेले.

अंगठ्याच्या फॉर्मात एक जागा मी सगळ्यांना दाखवतो. अंगठा असला किंवा सही फॉर्मच्या भाषेपेक्षा वेगळ्या भाषेत असली की खाली एक कबुली असते: 'मजकूर मी यांना मराठीत समजावून सांगितला, त्यांना समजला.' त्याखाली समजावणाऱ्याचं नाव, पत्ता, सही. ते नाव कुणाचं आहे बघा. शाखेतला शिपाई, नाहीतर एजंटचा भाऊ. त्या माणसाला गाठून 'काय समजावलं होतं?' एवढंच विचारा. बहुतेक वेळा त्याला काही सांगता येत नाही.

नंदिनीताई, आजी मराठीत सही करतात अन् फॉर्म इंग्रजी आहे, तर तुमच्याही फॉर्मात ही कबुली असायला पाहिजे.

---

नंदिनी_वा

मास्तर, आत्ता उघडून पाहिलं. कबुलीची चौकट आहे आणि ती कोरी आहे. हे माझ्या नजरेतून सुटलं होतं, मनापासून आभार.

---

म_जोगळेकर

ही कोरी चौकट पत्रात पहिल्याच परिच्छेदात घ्या. अशा फायलीत 'सही आहे' हा कंपनीचा सगळ्यात मोठा मुद्दा असतो, आणि तो इथेच अर्धा ढासळतो. ज्या भाषेतला मजकूर वाचता येत नाही त्याखाली सही, आणि समजावून सांगितल्याची नोंद नाही.

लाभाच्या तक्त्याचंही सांगतो. त्यात 4 टक्के आणि 8 टक्के असे दोन अंदाज शेजारी शेजारी छापलेले असतात, आणि दोन्ही हमीचे नसतात. हमीचा आकडा वेगळ्या रकान्यात असतो. विकणारा बोट ठेवतो ते 8 टक्क्यांच्या रकान्यातल्या शेवटच्या ओळीवर. आजींच्या प्रतीवर पेनाने गोल केलेला किंवा बाजूला आकडे लिहिलेले असतील, तर ती मूळ प्रत सांभाळा. 'एकदाच' असं कुठे खरडलेलं सापडलं तर त्याहून मोठा पुरावा नाही.

---

प्राजक्ता_पुणे

पण दुसरा हप्ता गेला त्याचं काय? कंपनी म्हणेल, पॉलिसी नको होती तर दुसरा हप्ता का भरला?

---

म_जोगळेकर

म्हणणारच. आणि इथे निकाल एकसारखे येत नाहीत, हे स्पष्ट सांगतो. तीन-चार हप्ते स्वतः चेकने भरल्यावर तक्रार आली, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणारे विमा लोकपाल बहुधा ती मानत नाहीत. इथे हप्ता आपोआप वळता झाला, आजींनी नव्याने काही केलं नाही, आणि कळल्यावर लगेच तक्रार होते आहे, हे तीन मुद्दे बाजूने आहेत. तरी खात्री देणार नाही.

म्हणून आधी बँकेत लेखी अर्ज देऊन आपोआप वळतं करण्याची परवानगी रद्द करा आणि अर्जावर तारखेचा शिक्का घ्या. तिसरा हप्ता गेला तर बाजू खूपच कमकुवत होईल.

---

रविकिरण

हप्ता थांबवला तर पॉलिसी बंद पडेल ना? मग दोन्ही हप्ते बुडाले. दोन वर्षं झाल्यावर निदान 30 टक्के तरी परत मिळतात.

---

शेखर_बी

तो 30 टक्क्यांचा आकडा जुन्या पॉलिसींचा: दोन हप्ते भरल्यावर भरलेल्या रकमेच्या किमान 30 टक्के, तीन हप्त्यांवर 35, चौथ्या वर्षापासून 50. 1 ऑक्टोबर 2024 पासून नियम बदलला. आता पूर्ण वर्षाचा हप्ता भरून एक वर्ष झालं असेल तरी काहीतरी सरेंडर रक्कम द्यावी लागते. आजींची पॉलिसी डिसेंबर 2024 ची, म्हणजे बदलानंतरची. त्यामुळे तिसरा हप्ता न भरल्याने सगळं शून्य होणार नाही. पण मिळेल ती रक्कम भरलेल्यापेक्षा बरीच कमी असेल, आणि तिच्यावर समाधान मानायचं कारण नाही. मागणी पूर्ण परताव्याचीच हवी.

रविकिरण ज्या कोष्टकावर बोलत आहेत ते जुन्या पॉलिसी असलेल्यांना आजही लागू पडतं. कुणाच्या आई-वडिलांची 2021-22 ची पॉलिसी असेल तर तारीख बघून ठरवा.

---

विनय_सातारा

एक धोका लिहून ठेवतो. अशी तक्रार नोंदली की काही दिवसांत फोन सुरू होतात: 'विमा प्राधिकरणातून बोलतोय, तुमचे पैसे परत मंजूर झालेत, फाइल चालू करायला 25,000 ची नवी पॉलिसी घ्या.' इर्डाई, म्हणजे हे विमा प्राधिकरण, कुणाला फोन करून पॉलिसी विकत नाही आणि बोनस वाटत नाही. म्हाताऱ्या माणसाला हे आधीच सांगून ठेवा, कारण आपले पैसे अडकलेत या काळजीत माणूस त्यावरही विश्वास ठेवतो.

---

अ‍ॅड_मेघना

आता क्रम. नंदिनीताईंचा मूळ प्रश्न तोच होता.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आजींच्या सहीचं पत्र, मराठीतच. मागणी एका वाक्यात: 'चुकीची माहिती देऊन विकलेली ही पॉलिसी सुरुवातीपासून रद्द करून भरलेली पूर्ण रक्कम व्याजासह परत करावी.' 'परतावा कमी आहे' किंवा 'आता हप्ता परवडत नाही' असं लिहू नका. त्यावर कंपनी सरेंडरचं उत्तर देते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. पत्रात चार गोष्टी: काय सांगितलं गेलं, कागदावर काय आहे, फॉर्मवरचं खोटं उत्पन्न आणि खरं निवृत्तिवेतन, कोरी चौकट. सोबत निवृत्तिवेतन दिसणारा खातेउतारा आणि ठेवीच्या दोन्ही पावत्या.

त्याच दिवशी तीच तक्रार bimabharosa.irdai.gov.in वर नोंदवा, किंवा 155255 ला फोन करा. इथे इर्डाई निकाल देत नाही. तक्रार कंपनीकडेच जाते, पण क्रमांक मिळतो आणि तारीख पक्की होते. कंपनीला दोन आठवड्यांत उत्तर द्यायचं असतं.

नकार आला, उत्तर पटलं नाही, किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर विमा लोकपाल. सांगलीसाठी पुण्याचं कार्यालय. अर्ज cioins.co.in वरही करता येतो. फी नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही, 50 लाखांपर्यंतचा निवाडा देता येतो. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आजींना पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता उघडा राहतो. मात्र उलट करू नका: ग्राहक आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल ते घेत नाहीत.

बँकेविरुद्धची तक्रार वेगळी, आधी बँकेकडे आणि नंतर cms.rbi.org.in वर. ठेव कुणाच्या सांगण्यावरून एका वर्षाची केली, हा प्रश्न विमा कंपनीला विचारून उपयोग नाही. तो बँकेलाच विचारावा लागेल.

---

स्वानंद_ठाणे

खोट्या उत्पन्नाचा मुद्दा पटला, तिथे मी अडून बसत नाही. पण मग 71 वर्षांच्या माणसाला प्रामाणिक एजंटने काय विकायचं? काहीच नाही?

---

शेखर_बी

आयुर्विमा म्हणून जवळपास काहीच नाही. विमा कुणासाठी असतो? ज्याच्या कमाईवर कुणी अवलंबून आहे त्याच्यासाठी. आजींवर कुणी अवलंबून नाही. आणि या पॉलिसीत तर आजी गेल्या तर एक पैसाही मिळत नाही, कारण विमा मुलावर आहे. उलट पुढचे हप्ते कोण भरणार हा प्रश्न मुलाच्या गळ्यात. वय जास्त असल्याने आजींच्या स्वतःच्या नावावर अशी योजना बसली नसती, म्हणूनच मुलाचं नाव घातलं. म्हाताऱ्या प्रस्तावकाच्या कागदात 'विमा कुणावर आहे' हा रकाना सगळ्यात आधी वाचावा.

त्यांच्या 6 लाखांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना होती, दर तिमाहीला व्याज, 2025 मध्ये 8.2 टक्के. म्हणजे तिमाहीला 12,300 हातात. त्याच बँकेत तिचं खातं निघू शकलं असतं, पण त्याने कुणाचं टार्गेट भरलं नसतं.

---

प्राजक्ता_पुणे

मुलाच्या आयुष्यावर विमा आहे, तर फॉर्मवर मुलाचीही सही लागली असेल ना? आरोग्याचे प्रश्न त्यालाच विचारायला हवेत. तो तर पुण्यात होता.

---

नंदिनी_वा

प्राजक्ता, हाच प्रश्न काल मुलाला विचारला. त्याने आईला पॅन आणि आधारचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते, 'ठेवीला वारस लावायला हवेत' असं सांगितलं गेलं म्हणून. फॉर्मवर त्याच्या नावापुढे सही आहे, ती त्याची नाही असं तो म्हणतो. आरोग्याच्या सगळ्या प्रश्नांना 'नाही' अशी खूण आहे, आणि तो चार वर्षं रक्तदाबाच्या गोळ्या घेतो.

म्हणजे उद्या तो गेला असता तर क्लेमही अडला असता. पंधरा लाखांचा विमा फक्त कागदावर.

---

अ‍ॅड_मेघना

हे गंभीर आहे, पण पत्रात कसं मांडायचं ते जपून ठरवा. 'बनावट सही' हा मुख्य मुद्दा केला तर कंपनी म्हणेल, हस्ताक्षरतज्ज्ञ लागेल, पोलिसांत जा. लोकपालही सखोल पुरावा तपासावा लागणारी प्रकरणं बाजूला ठेवतात, कारण तिथे थोडक्यात सुनावणी होते. माझं मत: मुख्य मुद्दे उत्पन्न, कोरी चौकट आणि वय हेच ठेवा. सहीबद्दल मुलाचं स्वतःचं एका पानाचं निवेदन जोडा: 'ही सही माझी नाही, मला कुणीही आरोग्याचे प्रश्न विचारले नाहीत, त्या दिवशी मी पुण्यात कामावर होतो.' कामावरच्या हजेरीचा दाखला सोबत.

---

म_जोगळेकर

मेघनाताई, इथे माझं मत वेगळं आहे. सहीचा मुद्दा मी पहिला ठेवीन. विमाधारकाची संमतीच नसेल तर करार झालाच नाही, मग फ्री लूक आणि दुसरा हप्ता हे वादच उरत नाहीत. कंपन्या अशा फायली सुनावणीच्या आधीच मिटवतात, असा माझा अनुभव आहे.

---

अ‍ॅड_मेघना

मिटवतात तेव्हा ठीक. नाही मिटवल्या तर म्हातारं माणूस दोन वर्षं पोलीस ठाण्याच्या चकरा मारतं. त्यांच्या वयाकडे पाहून मी छोटा रस्ता धरीन.

---

नंदिनी_वा

दोघांचंही म्हणणं मुलापुढे ठेवते, निर्णय त्याचा आणि आजींचा. वळतं करण्याची परवानगी रद्द करायचा अर्ज आज दिला, शिक्का घेतला. ध्वनिमुद्रण आणि फॉर्मच्या पूर्ण प्रतीसाठी पत्र उद्या स्पीड पोस्टाने जाईल. फॉर्मवरचा ईमेल पत्ता पाहिला: आजींच्या नावापुढे चार आकडे आहेत. मोबाइल नंबर आजींचा नाही आणि मुलाचाही नाही. तो कुणाचा ते कळलं की इथे लिहीन.